खानावळीचा फीडबॅक फॉर्म: सगळ्यात जास्त वेळा 'तिखट' शब्द आलाय, मसाला कमी करू का?

खानावळवाला_सांगली
मंडळी नमस्कार. विश्रामबागेत आमची छोटी खानावळ आहे, आई बघते आणि मी बघतो, चपातीला एक मावशी येतात. दुपारी नोकरीवाले, रात्री जास्त करून कॉलेजची पोरं. मागच्या वर्षी मी हौसेनं १४ प्रश्नांचा गुगल फॉर्म केला होता, महिन्याभरात ९ जणांनी भरला आणि त्यातला एक माझा मावसभाऊ. म्हणून यंदा चारच प्रश्न ठेवले. एक, आज कधी जेवलात (दुपारी, रात्री साडेआठच्या आत, रात्री साडेआठनंतर). दोन, आज ताटात काय उरलं आणि का. तीन, एकच गोष्ट बदलायची तर कुठली. चार, तारे एक ते पाच. नाव नाही, मोबाईल नंबर नाही. क्यूआर प्रत्येक टेबलावर चिकटवला.

तीन आठवड्यांत ६४ जणांनी भरला, सरासरी ४.२ तारे. पण उत्तरं वाचली तर सगळ्यात जास्त वेळा 'तिखट' हाच शब्द, २१ वेळा. मसाला कमी करावा म्हणतोय. आई म्हणते तसं केलंस तर मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. काय करू?

कडक_चहा
सांगलीत राहून तिखट कमी करणार? कोल्हापूरवाले हसतील राव. आईचं ऐका.

निवृत्त_मास्तर
४.२ म्हणजे शंभरात ८४. डिस्टिंक्शन आहे. कशाला हात लावताय? चालू गाडीचं बॉनेट उघडू नये.

डेटावाला_अभि
एक तर ६४ म्हणजे काहीच नाही, निदान शे-दीडशे झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि सगळी उत्तरं एकत्र करून वर्डक्लाऊड काढा, जास्त वेळा आलेला शब्द त्या चित्रात मोठा दिसतो, तोच प्रॉब्लेम. फुकटात होतं.

गावभाग_गणेश
फॉर्म कुठला भरायचा म्हणताय? खाण्याच्या धंद्याच्या रजिस्ट्रेशनचा फॉर्म ए असेल तर तो सरकारच्या फॉसकॉस वेबसाईटवर ऑनलाईन मिळतो, एजंटला पैसे देऊ नका.

खानावळवाला_सांगली
@गणेशभाऊ ते झालंय हो, भिंतीवर फ्रेम लावलीय. हा गिऱ्हाईकानं भरायचा फॉर्म.

मिरजेची_सून
अभि, वर्डक्लाऊडनंच तर यांना फसवलंय, म्हणजे हातानं केलेल्या वर्डक्लाऊडनं. मी लग्नाआधी पुण्यात एका सर्व्हे करणाऱ्या ऑफिसात होते, दिवसभर लोकांची हातानं लिहिलेली उत्तरं वाचून त्यांना लेबल लावायचं हेच काम. शब्द मोजला की तो शब्द कळतो, तक्रार कळत नाही.

खानावळवाले दादा, ती २१ उत्तरं परत काढा आणि तीन ढीग करा. तिखट आहे म्हणून आवडलं, तिखट आहे म्हणून त्रास झाला, आणि कळत नाही. कळत नाही त्याला जबरदस्तीनं कुठल्या ढिगात ढकलू नका. करून इथं आकडे टाका, मग पुढचं बोलू.

खानावळवाला_सांगली
ताई, केलं. बसून वाचलं तर मलाच लाज वाटली. ९ जणांनी 'तिखट एक नंबर', 'असंच झणझणीत ठेवा' असं लिहिलंय. ७ जणांची खरी तक्रार. ५ जणांनी नुसतं 'तिखट!!' किंवा तिखट आणि पुढं मिरचीचं चित्र. ते कळत नाहीत.

कडक_चहा
आई जिंकल्या ९-७. धागा बंद करा.

राजवाडा_चौपाटी
साताऱ्यात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, माझा अनुभव सांगतो. मी टॅबलेट काउंटरवर ठेवला होता, गाडी न्यायला आलं की तिथंच तारे द्यायचे. तीन महिने सगळे पाचच्या पाच. मी खूश. मग एकदा आजारी पडलो, आठवडाभर पोरगा बसला काउंटरवर, तर दोन-दोन तीन-तीन तारे यायला लागले. मला वाटलं पोरानं कामात घाण केली. नंतर कळलं की पोरगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचा, लोक निवांत खरं लिहायचे. मी मात्र समोर उभा राहून त्यांच्या बोटाकडं बघायचो.

तेव्हा तुमचा क्यूआर टेबलावर आहे हे बरं केलंत.

खानावळवाला_सांगली
@राजवाडा अगदी. मी पहिल्यांदा हात धुवायच्या बेसिनपाशी लावलेला, म्हटलं तिथं सगळे जातातच. पण ओल्या हातानं मोबाईल कोण काढणार? चार दिवसांत एकानंही भरला नाही आणि कागद भिजून गळून पडला तो वेगळाच.

मिरजेची_सून
दादा, आता खरं काम. तिखट बाजूला ठेवा. सगळी ६४ उत्तरं वाचायची. पहिली वीस नुसती वाचा, काही लिहू नका. मग तुमच्या मनात आपोआप पाच-सहा लेबलं तयार होतील, ती कागदावर लिहा. मग पहिल्यापासून परत सुरू करून प्रत्येक उत्तरापुढं लेबल टाका. एका उत्तराला दोन तक्रारी असतील तर दोन लेबलं. वीस न वाचता आधीच लेबलं ठरवलीत तर तुमच्या डोक्यात जे आहे तेच सापडेल, आणि तुमच्या डोक्यात आत्ता मसाला बसलाय.

लेबल तुम्ही लावा आणि तुमचं बघायच्या आत आईंनाही वेगळं लावायला सांगा. दोघांचं जिथं जुळत नाही तिथं थांबून बोला.

डेटावाला_अभि
ताई एवढं कशाला, शीटमध्ये शब्द सर्च केला की झालं की. 'चपाती' टाका, सगळ्या ओळी येतात.

मिरजेची_सून
अभि, करून बघ आणि सांग. एकजण चपाती लिहितो, एकजण चपात्या, पुण्याहून आलेला पोळी लिहितो, एखादं पोरगं रोटी, एखादं 'चपती', आणि निम्मी इंग्रजी अक्षरांत. आणि जो लिहितो 'लई वातड, चावून दात दुखले' त्यानं तर वस्तूचं नावच घेतलेलं नाही. शब्द शोधून तू निम्मेच पकडशील, आणि नेमके कुठले निम्मे सुटले तेही कळणार नाही. हां, लेबलं लावून झाल्यावर मोजायला शीट वापर, तिथं तू म्हणतोस ते बरोबर.

पुणेरी_पाहुणा
पोळीला चपाती म्हणणाऱ्यांनी स्पेलिंगवर बोलावं हे गमतीशीर आहे.

कडक_चहा
आले. मी वाटच बघत होतो.

तासगाव_बेदाणा
पोळी सणाला असती, पुरणाची. रोज खात्यात ती चपाती. विषय संपला.

(यापुढचे पोळी-चपातीवरचे ११ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

खानावळवाला_सांगली
दोन रात्री बसलो. आईनं चष्मा लावून वेगळ्या वहीत लेबलं केली. मजा म्हणजे 'चटणी जास्त होती' हे उत्तर आईनं तिखटात टाकलं आणि मी ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीत. आई म्हणाली अरे येड्या, आपल्याकडं चटणी म्हणजे कांदालसणीची, भाजीत घालतो ती. तिचं बरोबर वाटतंय कारण पुढं 'रस्सा पिववला नाही' असं होतं. वर जे ७ सांगितले त्यात मी हे धरलं नव्हतं, मग तिखटाच्या तक्रारी ८ झाल्या.

पण गंमत पुढं आहे. सगळ्यात मोठं लेबल तिखट नाहीच. चपाती आहे, १७. थंड, वातड, खालच्या ओल्या झालेल्या, असं सगळं. दुसऱ्या नंबरला तिखट ८, मग भात कमी, ताक पातळ वगैरे किरकोळ.

निवृत्त_मास्तर
६४ मध्ये १७. म्हणजे चारात एकाला त्रास. तरी तीन चतुर्थांश समाधानी आहेतच की.

मिरजेची_सून
मास्तर, सरसकट चारात एक हे खरं चित्र असेलच असं नाही. म्हणून तर पहिला प्रश्न 'कधी जेवलात' हा ठेवलेला यांनी, तो फार उपयोगाचा आहे. दादा, १७ ना जेवणाच्या वेळेप्रमाणं वाटा. आणि नुसत्या तक्रारी नका वाटू, त्या वेळेला फॉर्म भरणारे एकूण किती तेही शेजारी लिहा, नाहीतर ज्या वेळेला गर्दी जास्त त्या वेळेला तक्रारी जास्त दिसतात आणि माणूस फसतो.

शीटमध्ये बी रकान्यात वेळ आणि एफमध्ये तुमची लेबलं असतील तर असं लिहा:

```
=COUNTIFS(B:B,"रात्री साडेआठनंतर",F:F,"*चपाती*")
```

दोन्ही बाजूच्या चांदण्या ठेवा, म्हणजे एका खान्यात दोन लेबलं असली तरी मोजेल. आणि पर्यायाचे शब्द फॉर्ममध्ये जसे आहेत तस्सेच लिहा, एक मोकळी जागा जास्त पडली तरी शून्य दाखवेल.

खानावळवाला_सांगली
पहिल्यांदा शून्यच आलं ताई, मी साडे आठ तोडून लिहिलं होतं.

हे घ्या. दुपारी भरणारे ३०, त्यात चपातीची तक्रार ३. रात्री साडेआठच्या आत १६, तक्रार २. साडेआठनंतर १८, तक्रार १२.

बारा! अठरातले बारा!

तारे पण वेगळे काढले. दुपारी ४.५, रात्री लवकर ४.४ आणि उशिरा ३.६. सगळं एकत्र केलं की ४.२ होतं आणि सगळं छान दिसतं.

निवृत्त_मास्तर
मान्य. डिस्टिंक्शन परत घेतो. वर्गाची सरासरी चांगली असली तरी मागच्या बाकावरची पोरं नापास असू शकतात, हे मला तरी कळायला हवं होतं.

राजवाडा_चौपाटी
मग साडेआठनंतर होतंय काय नेमकं?

खानावळवाला_सांगली
ते मला लगेच कळलं. मावशींची बस पावणेआठला असते. त्या सगळ्या चपात्या साडेसातपर्यंत करून स्टीलच्या मोठ्या डब्यात झाकून ठेवतात. गरम गरम थप्पी लावून झाकण घट्ट, म्हणजे वाफ आतच फिरते, झाकणाचं पाणी गळून खालच्या ओल्या होतात. मग वाढताना डबा सारखा उघडबंद, तर वरच्या वाळून वातड. साडेआठपर्यंत निभतं, नंतरच्याला एकतर ओली नाहीतर चामड्यासारखी. आणि मी स्वतः रोज साडेसातलाच जेवतो, त्यामुळं मला कधी कळलंच नाही.

तासगाव_बेदाणा
पिठात थोडा मैदा आणि तेलाचं मोहन जास्त टाका, रात्रभर मऊ राहतीत.

जयसिंगपूर_जोडीदार
मोहन चालेल, मैदा नको. मैद्याची गार झाली की रबर होते. आमच्या मंगल कार्यालयात आम्ही आधी जाळीवर वाफ जाऊ देतो, मग फडक्यात गुंडाळून डब्यात. फरक पडतो, पण दोन तास काढायचे असतील तर तेवढ्यानं भागत नाही.

डेटावाला_अभि
बरं ताई, चुकलो. पण एक शंका राहतेच. १८ म्हणजे फार कमी. योगायोग असू शकत नाही का?

मिरजेची_सून
शंका रास्त आहे. अठरात नऊ विरुद्ध सोळात पाच असं काही असतं तर मीही म्हटलं असतं की थांबा. पण इथं एका बाजूला तिनातले दोन आणि दुसऱ्या बाजूला दहातला एक आहे, एवढी मोठी दरी दिसायला शेकडो फॉर्म लागत नाहीत. शंभरी कधी लागते, तर फरक बारीक असतो तेव्हा. '६४ मध्ये ताक पातळ म्हणणारे ३' यावरून ताक बदलू नये एवढं तुझं म्हणणं मात्र मला पटतं.

योगायोगापेक्षा मला वेगळीच भीती वाटते. दादा, त्या १२ तक्रारींच्या ओळीत पहिल्या रकान्यात तारीख-वेळ बघा. फॉर्म ती आपोआप टाकतो, `Timestamp` नावानं. एकाच टेबलावरच्या मित्रांनी एकामागून एक भरलंय का?

खानावळवाला_सांगली
अरे देवा. हो. एका गुरुवारी ९:१२ ते ९:१६ मध्ये चार फॉर्म, चारही चपाती, दोघांचे शब्दही तेच, 'चप्पल'.

कडक_चहा
'चपाती नाही चप्पल' असं एकानं म्हटलं असणार आणि चौघं हसत हसत भरत बसले असणार. मी त्या टेबलावर बसलेला आहे, माणूस म्हणून सांगतो.

मिरजेची_सून
तेच. ती चार मतं नाहीत, एक गप्पांचा फड आहे. त्या चौघांना मिळून एक धरा. मग उशिरा जेवणारे १८ ऐवजी १५, आणि तक्रार १२ ऐवजी ९. पंधरात नऊ, म्हणजे अजूनही अर्ध्याहून जास्त. पॅटर्न टिकला. नसता टिकला तर मी म्हटलं असतं अजून दोन आठवडे थांबा.

कृष्णाकाठची_वैशाली
सगळे आकडे लावताय पण मावशींना कुणी विचारलं का? उद्या तुम्ही त्यांना सांगणार की नऊपर्यंत थांबा. त्यांची बस गेली तर? 'अठरापैकी बारा' हे ऐकून त्यांना वाटेल चुका माझ्याच मोजल्या. चपाती वाईट करत नाहीत हो त्या, दुपारी तीच चपाती, त्याच हातची, तिसातल्या तिघांनाच खटकली.

खानावळवाला_सांगली
वैशालीताई बरोबर बोललात. मी त्यांना दुपारचा आकडा आधी सांगितला. मग म्हणाल्या मला ठाऊक होतं, झाकलेली चपाती अशीच व्हायची, तुम्ही कधी विचारलं नाही. त्यांनीच मार्ग सांगितला. त्या जाताना चाळीसएक गोळे करून ओल्या फडक्यात ठेवतील, साडेआठनंतर आईनं नाहीतर मी लाटून भाजायच्या. मी लाटणार म्हटल्यावर आई हसली. आजपासून सुरू. फॉर्म तोच ठेवतो, एकही शब्द न बदलता, ताईंनी तसं व्यनितून सांगितलंय, नाहीतर आधीचं-नंतरचं ताडून बघता येणार नाही.

पुणेरी_पाहुणा
'एकही शब्द न बदलता' पण प्रश्न दोनमध्ये 'काय उरलं आणि का' हे दोन प्रश्न आहेत. एका प्रश्नात दोन विचारू नयेत असा नियम आहे.

मिरजेची_सून
पाहुणे, नियम खरा आहे, पण तो तारे देण्याच्या प्रश्नाला जास्त लागतो. 'चव आणि स्वच्छता कशी वाटली' म्हणून तीन तारे आले तर कुठलं वाईट ते कळत नाही. इथं माणूस हातानं लिहितोय, 'अर्धी चपाती, वातड होती' असं एका दमात येतं. मला तर या फॉर्ममधला तोच प्रश्न सगळ्यात आवडला. 'जेवण कसं वाटलं' विचारलं की सगळे 'छान' म्हणतात. ताटात काय उरलं हे विचारलं की माणूस ताटाकडं बघून उत्तर देतो.

खानावळवाला_सांगली
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, अपडेट द्यायचा राहिला. या वेळी ५२ फॉर्म आले. साडेआठनंतरचे १५, त्यात चपातीची तक्रार ४, आणि त्यातल्या दोन माझ्या हातच्या चपात्यांच्या आकाराबद्दल आहेत. पण नवीन लेबल निघालं, 'वाट बघावी लागते', ५, सगळी साडेआठनंतरची. एक तवा आहे, लाटणारा मी.

कडक_चहा
आकार कुठल्या राज्याचा येतो ते पण फॉर्ममध्ये विचारा.

डेटावाला_अभि
आधी पंधरात नऊ, आता पंधरात चार. म्हणजे सिद्ध झालं.

मिरजेची_सून
सुधारलं असं म्हणू, सिद्ध झालं म्हणायला मी कचरेन. या तीन आठवड्यांत परीक्षा झाल्या, रात्रीची पोरं तीच आहेत का हे माहीत नाही. वाट बघायला लागते हे मात्र खरंच वाटतं, कारण ते आधी एकानंही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या तव्याचा खर्च काढा.

आणि दादा, एक विचारायचं राहूनच गेलं. तुमचे डबेवाले किती?

खानावळवाला_सांगली
घरपोच ४० डबे जातात. त्यांच्यापुढं टेबलच नाही, म्हणजे क्यूआर पण नाही! त्यांचं एकही उत्तर माझ्याकडं नाही. आणि त्यांची चपाती तर डब्यात तासभर असते.

मिरजेची_सून
शिवाय जे सोडून गेले ते फॉर्म भरायला येत नाहीत. चपातीला कंटाळून गेलेला माणूस तुमच्या ६४ मध्ये नाही. त्यांना फोनच करावा लागेल.

खानावळवाला_सांगली
केले. गेल्या दोन महिन्यांत मासिक मेंबर ११ सुटलेत. ७ जणांनी फोन उचलला. तिघांची बदली किंवा कॉलेज संपलं. एकाचं लग्न झालं. राहिलेल्या तिघांचं कारण एकच निघालं, आणि ते चपाती नाही, तिखट नाही. रविवारी रात्री आपण बंद असतो. पैसे महिन्याचे, आणि रविवारी बाहेर जेवायचं. हे फॉर्ममध्ये येणार तरी कसं, रविवारी रात्री क्यूआर बघायला कोण असतं? आता तीन माणसांसाठी रविवार उघडायचा का, हा प्रश्न घेऊन आईपुढं जायची हिंमत नाही अजून.

राजवाडा_चौपाटी
आणि तिखटाचं काय झालं शेवटी? धागा त्याच्यावरून सुरू झालेला.

खानावळवाला_सांगली
हा, ते. त्या आठ तक्रारींच्या तारखा बघितल्या. पाच एकाच मंगळवार-बुधवारच्या, दुपारच्या. त्या सोमवारी नवीन कांडपाची चटणी फोडली होती, आई अंदाजानं जुन्याच मापानं चमचा घालत होती. गुरुवारपासून तिनंच कमी केला, मला न सांगता. म्हणजे मी जी तक्रार घेऊन इथं आलो ती दोन दिवसांची होती आणि मी धागा काढायच्या आत मिटलेली. उरलेल्या तिघांना मात्र खरंच तिखट लागतं, त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

गावभाग_गणेश
त्यांना ताक द्या, पण घट्ट.

सांगलवाडी_सचिन
सगळा धागा वाचून भूक लागली भावा. विश्रामबागेत नेमकं कुठं आहे? येत्या रविवारी रात्री पोरांना घेऊन यायचं म्हणतोय, चालू असतं ना?

खानावळवाला_सांगली
...चौथा.